34 नंबर सगळीकडे वेगळा का बसतो, त्या नंबरामागची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात दादरला पँट घ्यायला गेलो होतो, रानडे रोडच्या आतल्या गल्लीतलं जुनं दुकान आहे, आधी तिथे टेलरिंग चालायचं, आता रेडीमेड ठेवतात. तीन वेगवेगळ्या ब्रँडच्या तीन पँट ट्रायल रूममध्ये नेल्या, तिन्हीवर 34. फॉर्मलचं बटण लागेना, चिनोज मस्त बसली आणि जीन्स बसली पण नंतर चालताना खाली सरकायला लागली. बाहेर येऊन दुकानदार काकांना म्हटलं, "काका, 34 म्हणजे 34 इंच ना? मग हे असं कसं? लेबल चुकीचं लावतात का?"

काकांनी आधी काहीच उत्तर दिलं नाही. गळ्यातला टेप काढला, फॉर्मल पँटचं बटण लावून ती काउंटरवर आडवी ठेवली, कंबरपट्टीची पुढची कड थोडी वर ओढून मागच्या कडेला जुळवली, कारण पुढची बाजू खाली झुकलेली असते आणि ती न जुळवता मोजलं तर माप चुकतं, असं ते सांगत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत आलं साडेसतरा, म्हणजे घेर 35. चिनोज साडेअठरा, म्हणजे 37. जीन्स 18, म्हणजे 36, पण हाताने ओढली की सव्वाएकोणीसपर्यंत गेली. म्हणजे 34 असं छापलेल्या तीन पँट आणि एकाचीही पट्टी 34 नाही! टॅगवर 34 च्या खाली 86 सेमी पण लिहिलेलं होतं, ते पाहून मला वाटलं की खरंच मोजून लिहिलं असेल. काका म्हणाले, "अहो ते 34 ला 2.54 ने गुणलं की येतंच, पँट मोजायची गरजच नाही."

मग त्यांनी जे समजावलं आणि घरी येऊन मी जे वाचलं, ते दोन्ही इथे एकत्र लिहितोय, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच पँट परत कराव्या लागल्या नसत्या.

"तुम्ही विचारताय 34 इंच ना, पण कुठले 34?" काकांचा पहिला प्रश्न हा होता. आणि सगळी गोष्ट तिथेच आहे.

हा नंबर मुळात पँटचा नाहीच, तो माणसाच्या अंगाचा आहे. युरोपात आधी शिंपी गिऱ्हाइकाचं माप कागदाच्या किंवा चामड्याच्या पट्टीवर खाचा पाडून घ्यायचे, प्रत्येक गिऱ्हाइकाची पट्टी वेगळी, त्यात आकडा नव्हताच. इंचाचा टेप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळला आणि मग 'कंबर 34' असं बोलता यायला लागलं. ही कंबर म्हणजे बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या आसपासची जागा. तेव्हाच्या पँट तिथपर्यंत वर यायच्या आणि गॅलिसवर, म्हणजे खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यांवर, टांगलेल्या असायच्या, त्यामुळे नंबर आणि पँटची पट्टी एकाच जागेबद्दल बोलत होते. शिंपी अंगाच्या मापावर अर्धा-एक इंच मोकळीक द्यायचा, झालं. काकांच्या वडिलांनी पण असंच केलं, 34 कंबरेला पट्टी साडेचौतीस किंवा 35. माझ्या हातातली फॉर्मल पँट नेमकी याच जुन्या हिशोबाने कापलेली होती.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1861 ते 65 मध्ये, हजारो सैनिकांना एकदम कपडे लागले, प्रत्येकाला शिंप्याकडे पाठवणं शक्यच नव्हतं, तेव्हा मापांचे ठराविक सेट करून गणवेश शिवले गेले आणि युद्धानंतर पुरुषांच्या रेडीमेड धंद्याने तीच पद्धत उचलली. म्हणजे अंगाचं माप लेबलवर आलं आणि ज्याचं अंग मोजलं तो माणूस समोर नाही, इथून फारकत सुरू झाली असं मला वाटतं.

पण खरा घोळ पँट खाली उतरली तेव्हा झाला. गॅलिस जाऊन पट्टा आला (लिव्हाय्जच्या जीन्सला पट्ट्याचे लूप 1922 मध्ये लागले), आणि पट्टा काय, कमरेपेक्षा थोडा खालीच अडकतो. पुढे नव्वदच्या शेवटी आणि दोन हजारनंतर लो वेस्टची फॅशन आली तेव्हा तर पट्टी पार कुल्ल्याच्या हाडावर गेली. आता तिथला घेर वेगळा असणार ना, पण नंबर मात्र तोच ठेवला, कारण गिऱ्हाईक दुकानात येऊन "34 द्या" म्हणतो, "खालून साडेसदतीस द्या" असं कुणी म्हणत नाही. मग कंपनीने 34 वाल्या माणसाच्या खालच्या घेराप्रमाणे पट्टी कापली आणि वर 34 लिहिलं. यात फसवणूक नाही, नंबर माणसाचा आहे आणि पट्टी दुसऱ्या जागेची आहे एवढंच.

काकांनी मला उभं करून दोनदा मोजलं. बेंबीपाशी साडेपस्तीस. मी रोज पट्टा बांधतो तिथे, म्हणजे दोन-अडीच इंच खाली, 37. मग आसन मोजलं, म्हणजे पुढून पायांच्या जोडापासून पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत. फॉर्मलचं 11 इंच, चिनोजचं साडेनऊ, जीन्सचं 9. झाला उलगडा. 11 च्या आसनाची फॉर्मल वर बेंबीकडे जाते, तिथे मी साडेपस्तीस आणि पट्टी 35, बटण लागणार कसं? चिनोज साडेनऊवर थांबते, तिथे मी 37, पट्टी पण 37, म्हणून मस्त. माझं अंग तेच, नंबर तोच, पँट कुठे येऊन थांबते ते बदललं.

मी विचारलं, "मग खाली गेलं की घेर नेहमी वाढतोच का?" तर म्हणाले नाही, ज्याला पोट सुटलंय त्याचं उलटं असतं. त्याचा बेंबीपाशी 40 असेल तर पोटाखाली 37 पण असू शकतो, आणि तो पँट पोटाखालीच बांधतो. त्यांच्याकडे असे गिऱ्हाईक आहेत जे वीस वर्षं 36 च घेतात आणि समजतात की आपली कंबर वाढलीच नाही, वाढलंय पोट, पँट त्याच्याखाली सरकत गेलीय. अशा माणसाने उंच आसनाची फॉर्मल 36 मध्ये मागितली की ती बसत नाही आणि तो ब्रँडला शिव्या देतो. डॉक्टरकडे कंबर मोजतात ती पण वरचीच, पँटचा नंबर तिथे सांगून उपयोग नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

जीन्सची गोष्ट थोडी वेगळी. आतल्या लेबलवर 98 टक्के कॉटन आणि 2 टक्के इलास्टेन होतं. हा ताणणारा धागा अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत 1958 मध्ये सापडला, आणि जीन्समध्ये तो आला तसं पट्टी अंगापेक्षा लहान कापली तरी चालायला लागली. माझी पट्टी 36, अंग 37, ताणून बसली, म्हणून ट्रायलला बरी वाटली. पण काका म्हणाले की असं कापड चार-पाच तास अंगावर राहिलं की सैल पडतं आणि धुतल्यावर परत आवळतं, तर ट्रायलमध्येच चालताना सरकत असेल तर घेऊ नका, आणि घालून दोनदा खाली बसून उठून बघा.

आता यात मुद्दाम मोठं कापणं पण आहेच, ते नाकारून चालणार नाही. बारीक नंबर मिळाला की माणूस खूश होतो, म्हणून 36 ची पट्टी हळूहळू वाढवत न्यायची. 2010 मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकाने 36 लिहिलेल्या वेगवेगळ्या ब्रँडच्या पँट टेपने मोजल्या तर 37 पासून 41 इंचांपर्यंत भरल्या. चार-पाच इंच म्हणजे फक्त खालची जागा आणि मोकळीक धरून हिशोब लागत नाही.

आपल्याकडे हे इतकं उशिरा का जाणवलं? कारण आपण बरीच वर्षं पँटपीस घेऊन टेलरकडेच जात होतो. दिवाळीला पँटपीस, लग्नात पँटपीस, नंबर कुणाला माहीत असायचा? अगदी जीन्स सुद्धा, अरविंद मिल्सने 1995 मध्ये रफ अँड टफ नावाने न शिवलेल्या जीन्सचं किट काढलं होतं, डेनिमचं कापड, चेन, रिवेट, लेबल सगळं त्यात, आणि शिवायला आपला नेहमीचा टेलर. काकांच्या दुकानात तेव्हा अशा किटांचा ढीग लागायचा असं ते सांगत होते. टेलरची पँट चुकली तर मागच्या शिवणीत दोन इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड असायचं, ते उसवून सोडता यायचं. रेडीमेड जीन्समध्ये ती माया नसतेच, म्हणून तिथे नंबर चुकला की चुकला.

मग परदेशी ब्रँड आले, देशी पण वाढले, आणि ज्याने त्याने अमेरिकन किंवा ब्रिटिश मापाचा तक्ता घेऊन त्यात आपापला बदल केला. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ताच नव्हता. त्यासाठी निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने 'इंडियासाइज' हा प्रकल्प घेतला, सहा शहरांत, त्यात आपली मुंबई पण आहे, 15 ते 65 वयाच्या 25 हजारांहून जास्त लोकांना थ्रीडी स्कॅनरने मोजायचं. त्यातून तक्ता आला तरी तो प्रत्येक ब्रँड वापरेलच असं नाही, अमेरिकेत बायकांच्या कपड्यांचं असं स्टँडर्ड 1958 मध्ये आलं, ऐच्छिक होतं, कंपन्या आपापल्या वाटेने गेल्या आणि 1983 मध्ये ते काढूनच टाकलं.

जाता जाता मी विचारलं की एकाच ब्रँडच्या दोन 34 मध्ये पण फरक लागतो तो का? काकांनी शेल्फवरून त्याच जीन्सचे दोन नग काढून मोजून दाखवले, पट्टीत अर्ध्या इंचाचा फरक. कापडाचे थर एकावर एक ठेवून एकदम कापतात, वरचा आणि खालचा थर थोडा इकडे तिकडे होतो, आणि जीन्स शिवल्यावर वॉशला जाते, गडद आणि फिकट रंगाचा वॉश वेगळा, आटणं पण वेगळं. अर्धा इंच इकडे तिकडे कारखाना पास करतो.

मी चिनोज 34 च घेतली. फॉर्मल 36 मध्ये काढून दिली, तिची पट्टी 37 भरली, बेंबीपाशी दीड इंच सैल, तर मागच्या शिवणीत एक इंच आत घ्यायला दुकानातल्याच टेलरकडे टाकली. जीन्स ठेवून आलो. काकांनी बिलाच्या मागे पेनाने लिहून दिलं: वर 35½, खाली 37, आसन 9½. आता ऑनलाइन घेताना मी नंबर नंतर बघतो, आधी पट्टीचं आणि आसनाचं माप शोधतो आणि घरातली चांगली बसणारी पँट आडवी ठेवून त्याच्याशी जुळवतो.