सॅकमधल्या हायलायटरला आंब्याचा वास

नेरूळमधल्या एका घरातली गोष्ट. जूनमध्ये शाळा सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते. दहावीतल्या मुलाची सॅक धुवायला काढली, तेव्हा पुढच्या कप्प्यात आईला एक जाडसर हायलायटर सापडला. टोपण काढलं तर शाईचं टोक नाही, नुसतं बारीक भोक. तळाला चार्जरची पिन बसेल अशी खाच. आणि वास पिकल्या आंब्याचा. हायलायटरसारखं दिसणारं ते व्हेप होतं, म्हणजे निकोटिनची वाफ ओढायचं यंत्र.

संध्याकाळी साडेआठला मुलगा सानपाड्याच्या क्लासवरून आला. बूटही काढले नव्हते, तोच आईने ती वस्तू त्याच्यासमोर धरली आणि विचारलं, "हे काय आहे?"

"मित्राचं आहे. माझ्याकडे ठेवायला दिलं होतं."

"कुठला मित्र? नाव सांग. त्याच्या आईला आत्ता फोन लावते."

पुढची दहा मिनिटं कशी गेली असतील ते दहावीतलं मूल घरात असलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. शेवट दार आपटण्यात झाला. दोन दिवसांनी ती माउली माझ्याकडे, म्हणजे शाळेच्या समुपदेशकाकडे, आली आणि म्हणाली, "सर, मी ओरडलेसुद्धा नाही हो फारशी."

ओरडणं हा मुद्दा नव्हताच. मुद्दा पहिल्या प्रश्नाचा होता. "हे काय आहे?" याचं उत्तर तिला माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे मुलालाही कळलं होतं. अशा प्रश्नाला मूल माहिती देत नाही, सुटकेची वाट शोधतं. सर्वांत जवळची वाट खोटं बोलण्याची. एकदा "मित्राचं आहे" म्हटलं की ते वाक्य टिकवण्यासाठी पुढची चार खोटी वाक्यं बोलावी लागतात. वर मित्राचं नाव विचारलं की व्हेप बाजूला राहतं आणि प्रश्न दोस्ताशी गद्दारी करायची की नाही, हा होऊन बसतो. पंधराव्या वर्षी त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

यामागचं मानसशास्त्र तसं जुनं आहे. जॅक ब्रेहम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलं, की आपलं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला धडपडतो, आणि मनाई केलेली गोष्ट त्याला आणखी हवीशी वाटू लागते. पुढे १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या रुग्णांशी बोलण्याची एक पद्धत मांडली. तिचं मर्म असं: व्यसन असलेल्या माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात, सोडावंसं वाटणं आणि सोडवत नसणं. समोरच्याने "सोड" ही बाजू उचलून धरली की त्याच्या वाट्याला दुसरीच बाजू उरते. तो वाद घालतो आणि वाद घालता घालता स्वतःलाच पटवून बसतो. म्हणून सोडण्याची कारणं आपल्या तोंडून येण्यापेक्षा त्याच्या तोंडून आलेली बरी.

आता दुसरी चूक, जी मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही. ती वेळेची.

शरीरातलं निम्मं निकोटिन साधारण दोन तासांत कमी होतं. मुलगा क्लासला जाण्यापूर्वी पाचच्या सुमारास ओढत होता. साडेआठपर्यंत त्याचा मेंदू पुढच्या पफची वाट पाहू लागलेला असणार: चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं. त्यात वस्तू जप्त झाली. निकोटिन तुटल्याचा त्रास सहसा पहिल्या दिवसात सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातो. म्हणजे आईबाबा "आता शांतपणे बोलू" म्हणून बरोबर ज्या दोन दिवसांत बसले, तेच त्याचे सर्वांत वाईट दिवस होते. त्याची उर्मट उत्तरं त्यांनी स्वभावाच्या खात्यात टाकली. त्यातली निदान काही निकोटिनच्या खात्यातली होती.

हे इतकं लवकर का जडतं, तेही पाहू. साध्या रूपातलं निकोटिन जास्त प्रमाणात ओढलं तर घसा जळतो, ठसका लागतो. हल्लीच्या बहुतेक व्हेपमध्ये त्यात बेन्झोइक ॲसिडसारखं आम्ल मिसळून त्याचा क्षार केलेला असतो. त्यामुळे घशाला झोंबत नाही आणि नवशिक्यालाही भरपूर निकोटिन सहज ओढता येतं. शरीराने द्यायचा पहिला इशाराच बंद होतो. सिगारेट निदान संपते तरी. हे यंत्र लवकर संपत नाही, दिवसभर एकेक पफ चालू राहतो.

बाबांचा उपाय सरळ होता: रोज सॅक तपासायची, फोनचा पासवर्ड घ्यायचा. मी त्यांना २००० सालचा एक स्वीडिश अभ्यास सांगितला. हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या मुलांकडे आणि त्यांच्या पालकांकडे विचारपूस केली होती, की मुलं कुठे जातात, काय करतात हे पालकांना कळतं ते कशामुळे. पाळत ठेवल्यामुळे कळतं, असा तोवर समज होता. निघालं वेगळंच. पालकांना असलेली बरीचशी माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली होती. याचा उलटा अर्थही लागू शकतो, की ज्यांच्याकडे लपवण्यासारखं कमी असतं तीच मुलं जास्त सांगतात. तरी सॅक तपासण्यातून मिळणारी माहिती एका सॅकपुरतीच असते, हे बाबांना पटलं. नेरूळमधल्या मुलाला वस्तू ठेवायला सॅकखेरीज पन्नास जागा आहेत.

मग दुसरं बोलणं. आम्ही ते रविवारी सकाळी ठेवलं, वस्तू जप्त होऊन आठवडा उलटल्यावर. जागा घर नाही, ज्वेल ऑफ नवी मुंबई या बागेतला फिरायचा रस्ता. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत आणि मधल्या शांततेचं ओझं होत नाही. सुरुवात आईने प्रश्नाने केली नाही.

"त्या दिवशी मी तुला कोंडीत पकडलं. ते चुकलं माझं. मला माहितीये तू व्हेप ओढतोस. आज शिक्षा ठरवायला नाही आलोय आपण. मित्रांची नावंही नकोत मला."

बराच वेळ काही नाही. मग, "सगळेच करतात गं. नुसता फ्लेवर असतो."

इथे जीभ चावावी लागते. "कसला फ्लेवर, विष आहे ते!" हे वाक्य ओठांवर आलं होतं, असं तिने नंतर सांगितलं. त्याऐवजी ती म्हणाली, "म्हणजे तुला यात घाबरण्यासारखं काही वाटत नाही." त्याचंच म्हणणं, पूर्णविरामासह. अशा वाक्यावर वाद घालायला काही नसतं, त्यामुळे माणूस ते स्वतःच दुरुस्त करतो.

"तसं नाही... म्हणजे फुटबॉल खेळताना दम लागतो आता. आणि क्लासमध्ये मध्येच डोकं तिकडेच जातं."

सोडण्याची दोन कारणं, त्याच्या तोंडून. आईने त्यांना "बघ, मी म्हटलं नव्हतं!" लावलं नाही. तिने विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती वाटतं सोडावंसं?" तो म्हणाला, "चार." तुमच्या-माझ्या मनात लगेच येतं, चारच का, आठ का नाही? पण तसं विचारलं की मूल न सोडण्याची कारणं मोजू लागतं. विचारायचं उलट: "चार का? एक का नाही?" मग तो पैशांवर आला. खाऊचे पैसे, आजीने वाढदिवसाला दिलेले पैसे, सगळे तिकडे जात होते. आजीच्या पैशांचं त्याला लागलं होतं.

माहिती द्यायची वेळ आता आली, आणि तीही विचारून: "मी एक वाचलंय, सांगू का?" हो म्हटल्यावर तिने हिशोब मांडला. त्या वस्तूवर दोन मिली आणि पाच टक्के लिहिलेलं होतं, म्हणजे १०० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून अंगात जातं साधारण एक-दीड मिलिग्रॅम. व्हेपमधलं सगळंच काही अंगात जात नाही, तरी ढोबळ मानाने दोन पाकिटांच्या घरातला माल झाला. "आणि हेही त्या डबीवर छापलंय म्हणून," ती म्हणाली. "२०१९ पासून आपल्याकडे याच्या विक्रीवर बंदी आहे, म्हणजे हा माल चोरून आलेला. आत खरंच काय भरलंय ते कोण तपासणार?" मग थांबून, "तुला काय वाटतं?" हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहून गेला की तेच पुन्हा भाषण होतं.

ऐकून घेतलं म्हणजे परवानगी दिली असं नाही, तेही त्याच फेरीत ठरलं. घरात व्हेप चालणार नाही, सापडलेली वस्तू परत मिळणार नाही. पण चुकून ओढलं आणि स्वतः सांगितलं तर त्यावर आकांडतांडव होणार नाही. लपवलं तर महिनाभर क्लासला बाबा सोडायला येणार.

मी आईला आणखी एक प्रश्न दिला होता: सकाळी उठल्यावर पहिला पफ किती वेळाने? दिवसाला किती पफ, हा हिशोब मुलांना धड आठवत नाही आणि ते कमीच सांगतात. उठल्यापासून पहिल्या पफपर्यंतच्या वेळावरून जडल्याचा अंदाज चांगला येतो. हा मुलगा म्हणाला, शाळा सुटल्यावर. उठल्या उठल्या पाच-दहा मिनिटांत लागत असेल, किंवा रात्री मध्येच उठून ओढावंसं वाटत असेल, तर नुसत्या बोलण्यावर विसंबू नये. डॉक्टरांकडे न्यावं. निकोटिनचं च्युइंगम दुकानातून आणून मुलाला स्वतःच्या मनाने देऊ नये. छातीत दुखणं, धाप लागणं, भोवळ किंवा झटका येणं, किंवा व्हेपमध्ये गांजाचं तेल असल्याचा संशय असेल तर त्याच दिवशी दवाखाना. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर सरकारी क्विटलाइनचा नंबर १८००-११२-३५६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

एवढं करूनही हे हमखास जमतं असं नाही. या बोलण्याच्या पद्धतीचा परिणाम अभ्यासांतही माफकच दिसतो. काही मुलं चारवरून दोनवर जातात.

या मुलाने मात्र नवव्या दिवशी रात्री जेवताना, ताटातून मान न उचलता सांगितलं, "आज एक घेतला. क्लासच्या खाली."

बाबांचा घास हातातच राहिला. आई म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. किती वाजता?"

"साडेसातला. गणिताची टेस्ट परत मिळाली तेव्हा."

आता टेस्ट परत मिळायच्या दिवशी बाबा साडेसातला क्लासच्या खाली उभे असतात. शिक्षा म्हणून नव्हे, त्यानेच सांगितलंय. दोघं स्टेशनबाहेर वडापाव खातात आणि मग घरी येतात.