इनपुटचं नाव PC केलं की अक्षरं का बदलतात

टीव्हीला लॅपटॉप जोडा आणि निळ्या पडद्यावर लाल रंगात बारीक अक्षरं उघडा. बऱ्याच टीव्हींवर त्यांच्या कडा फिसकटलेल्या दिसतात. आता इनपुटच्या यादीत जाऊन त्या पोर्टाचं नाव PC करा. चित्र क्षणभर जातं, परत येतं आणि तीच अक्षरं कोरल्यासारखी दिसतात. शेजारच्या पोर्टावरच्या सेट-टॉप बॉक्सचं चित्र मात्र होतं तसंच राहतं, कारण टीव्ही ही सेटिंग प्रत्येक पोर्टासाठी वेगळी ठेवतो.

याचं मूळ रंगीत टीव्हीच्या जन्मात आहे. 1953 साली अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरली, तेव्हा रंग बसवायचा होता तो कृष्णधवल चित्राच्याच जागेत. डोळ्याला उजेडातले बारकावे नीट कळतात, रंगातले तितके कळत नाहीत. म्हणून रंगाला कमी जागा दिली. आपल्याकडे 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते पॅल पद्धतीने, आणि तिच्यातही हीच काटकसर होती. पुढे डिजिटलमध्ये तिला 4:2:0 असं नाव मिळालं: उजेड प्रत्येक पिक्सेलचा, रंग मात्र चार पिक्सेलांत मिळून एकच. सिनेमात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण अक्षराची रेघ एक पिक्सेल जाडीची असली, तर तिचा रंग शेजारी सांडतो.

संगणकाने पूर्ण रंग, म्हणजे 4:4:4, पाठवला तरी अनेक टीव्ही आपल्या प्रक्रियेसाठी आतल्या आत तो कमी करतात. गंमत म्हणजे पांढऱ्यावर काळं अक्षर याने फारसं बिघडत नाही, कारण तिथे रंगच नसतो. त्याभोवती उजळ कड दिसली तर दोष शार्पनेसचा. विंडोजचं क्लिअरटाइप मात्र काळ्या अक्षरांच्या कडांनाही रंगछटा देतं, त्यामुळे तीही मळकट दिसू शकतात.

PC या नावाला अर्थ आला तो डीव्हीआय या संगणकाच्या पडदा-जोडणीमुळे. 2002 चं एचडीएमआय हे संगणकाच्या डीव्हीआयवरूनच बेतलेलं. त्यामुळे त्याच भोकातून सिनेमाही येई आणि डेस्कटॉपही. टीव्ही जुन्या ट्यूबच्या सवयीने चित्र थोडं ताणून कडा कापत असे. संगणकाचा टास्कबारच गायब! तेव्हा कंपन्यांनी सोपी वाट काढली: वापरणाऱ्याने पोर्टाला PC म्हणायचं, की ताणणं आणि चित्र सुधारणं बंद, आणि त्या प्रक्रियेसाठी रंग कमी करणंही.

गेम मोडचं दुखणं वेगळं, ते उशिराचं. बटण दाबल्यावर चित्र हलायला लागणारा वेळ कमी व्हावा म्हणून तो प्रक्रियेचे काही टप्पे गाळतो. 2017 च्या एचडीएमआय 2.1 मध्ये तर कन्सोलने सांगितलं की टीव्ही आपणहून या मोडमध्ये जाईल, अशी सोय आली. पण गेम मोडमध्ये पूर्ण रंग मिळेलच असं नाही. काही टीव्हींवर दोन्ही एकत्र चालतात, काहींवर 4:4:4 फक्त PC नावावरच मिळतं. खात्रीला ती निळ्यावरची लाल अक्षरं पुरतात.