लार्सन-मिलर प्राचल

तापलेल्या धातूचा तुकडा ठरावीक ताणाखाली किती तासांत तुटेल, याचा अंदाज बांधताना तापमान आणि वेळ या दोन गोष्टींना एकाच आकड्यात बसवणारे प्राचल. एफ. आर. लार्सन आणि जे. मिलर यांनी ते १९५२ मध्ये मांडले. सतत ताणाखाली गरम धातू हळूहळू लांबत जातो. कोशांत त्याला विसर्पण म्हणतात, कारखान्यात मात्र ‘क्रीप’च.

सूत्र असे:

P = T (C + log t)

T म्हणजे केल्विनमधले तापमान, t म्हणजे तुटेपर्यंतचे तास, log १० पायाचा आणि C हा स्थिरांक. बहुतेक पोलादांसाठी तो २० धरतात. ताण तोच असेल तर P बदलत नाही, हे यातले गृहीतक. म्हणून तापमान वाढवून थोडक्या वेळात नमुना तोडायचा आणि त्यावरून कमी तापमानाचे आयुष्य काढायचे.

गोव्यात आमोणे परिसरात कोकभट्ट्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून वीज काढली जाते. अशा बॉयलरमधली, वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरची नळी ५४० अंश सेल्सिअसला चालते असे समजू. तिच्यावर जेवढा ताण आहे तेवढ्याच ताणाखाली नमुना ६५० अंशांना १०० तासांत तुटला. तापमान ९२३ केल्विन, म्हणून P = ९२३ × २२ = २०,३०६. याला ८१३ ने भागून २० वजा केले की ४.९८ उरतात, म्हणजे सुमारे ९५,००० तास, जवळजवळ ११ वर्षे. नळी १० अंशांनी जास्त तापली तर हाच हिशेब ४७,००० तासांवर येतो.

पण ११ वर्षांचा आकडा फक्त एका नमुन्यावर आणि उसन्या २० वर उभा आहे. तो तपासायला त्याच ताणाखाली ६०० अंशांना दुसरा नमुना लावावा. सूत्राप्रमाणे तो १,८०० तासांच्या आसपास तुटायला हवा. प्रत्यक्षात १,२०० तासांतच तुटला, तर दोन्ही चाचण्यांवरून C सुमारे १६.८ निघतो, आणि नळीचे आयुष्य ३५,००० तासांवर, म्हणजे चार वर्षांवर येते. दोन-अडीच महिन्यांची चाचणी लांबते म्हणून लोक कुरकुरतात. फरक असा पडतो.

तुटलेला नमुनाही पाहावा. जास्त ताणाच्या झटपट चाचणीत तो मानेसारखा बारीक होऊन तुटतो. वर्षानुवर्षे चाललेल्या नळीत मात्र कणांच्या सीमांवर पोकळ्या साचतात आणि ती फारशी न लांबता फुटते. तुटण्याची तऱ्हाच वेगळी असेल तर एका चाचणीचा P दुसरीकडे चालत नाही. उघड्या हवेत ६५० अंशांना बारीक नमुन्यावर खपलीही चढते, छेद घटतो आणि तो लवकर तुटतो. ही चूक निदान सुरक्षित बाजूची. सर्वात लांब चाचणीच्या तिप्पट वेळेपलीकडे अंदाज नेऊ नये, असा सावध प्रघात आहे.