सांध्यावरचा विकलज आणि सांध्याजवळच्या विकलजाची लिमिट

दोन सूत्रं जोडून केलेलं फलन सांध्यावर विकलनीय आहे का, असा प्रश्न आला की बहुतेक जण दोन्ही तुकड्यांचे विकलज काढतात, त्यांत सांध्याचा x घालतात आणि उत्तरं सारखी आली की "विकलनीय आहे" असं लिहून मोकळे होतात. पुष्कळदा उत्तर बरोबरही येतं. पण या रीतीत प्रत्यक्षात तपासली जाते ती विकलजाची लिमिट, विकलज नव्हे. फरक कुठे पडतो ते एका उदाहरणात पाहू.

```
f(x) = x²        (x ≤ 2)
f(x) = 4x + b    (x > 2)
```

डाव्या तुकड्याचा विकलज 2x, म्हणजे 2 जवळ येताना 4. उजव्या तुकड्याचा विकलज सगळीकडे 4. दोन्ही जुळले, आणि या हिशेबात b कुठेच आला नाही. म्हणजे b काहीही ठेवला तरी फलन 2 वर विकलनीय, असं म्हणायची पाळी येते. इथेच शंका यायला हवी, कारण b बदलला की उजवी रेघ वर-खाली सरकते आणि सांध्यावर फट पडते.

आता व्याख्येकडे जाऊ. 2 वरचा विकलज म्हणजे h शून्याकडे नेताना (f(2+h) − f(2))/h या भागाकाराची लिमिट. ती डावीकडून आणि उजवीकडून वेगवेगळी काढायची. f(2) मात्र दोन्हीकडे एकच, कारण x = 2 डाव्या सूत्राच्या वाट्याला आलंय: f(2) = 4.

डावीकडून h ऋण. भागाकार ((2+h)² − 4)/h, म्हणजे 4 + h. लिमिट 4.

उजवीकडून h धन:

```
(4(2+h) + b − 4)/h = 4 + (4 + b)/h
```

b इथे समोर आला. 4 + b शून्य असेल तरच हा भागाकार 4 वर स्थिरावतो, म्हणजे b = −4 हवाच. b = 1 घेतला, तर h = 0.1 ला भागाकार 54 येतो, h = 0.01 ला 504, आणि पुढे तो वाढतच जातो. उजवा विकलज अस्तित्वातच नाही. सांतत्य आधी वेगळं तपासलं नसतं, तरी या भागाकारानेच फट दाखवून दिली असती.

व्याख्या वापरूनही एक चूक सर्रास होते, आणि माझ्या मते ती जास्त घातक, कारण पायऱ्या अगदी रीतसर दिसतात. उजवी बाजू करताना f(2) सुद्धा उजव्या सूत्रातून घेतला जातो, म्हणजे 8 + b. मग वरचा b कटतो, भागाकार नेमका 4 उरतो आणि फट पुन्हा झाकली जाते. म्हणून कुठलीही बाजू करण्याआधी f(2) ची किंमत एकदाच लिहून ठेवावी आणि दोन्हीकडे तीच वापरावी.

मग विकलज जुळवण्याची सोपी रीत बाद करायची का? नाही. फलन सांध्यावर संतत असेल, तर मध्यमान प्रमेयानुसार उजवीकडचा भागाकार हा 2 आणि 2 + h यांच्या मधल्या कुठल्यातरी c वरचा f′(c) असतो. h शून्याकडे गेला की c ही 2 कडे सरकतो. त्यामुळे f′ ची उजवी लिमिट मिळत असेल तर तोच उजवा विकलज. डावीकडेही तसंच. सांतत्य नसेल तर प्रमेय लागू होत नाही, आणि b = 1 ला रीत फसली ती यामुळेच. फलन संतत आहे आणि दोन्ही लिमिट मिळाल्या पण वेगळ्या आल्या, तर फलन तिथे विकलनीय नाही, हेही खात्रीने सांगता येतं.

पण f′ ची लिमिटच मिळत नसेल तर? x ≠ 0 साठी g(x) = x² sin(1/x) आणि g(0) = 0 घ्या. शून्याबाहेर g′(x) = 2x sin(1/x) − cos(1/x). यातलं दुसरं पद शून्याजवळ −1 आणि 1 यांच्यामध्ये अखंड हेलकावत राहतं, म्हणून लिमिट नाही. एवढ्यावरून g शून्यावर विकलनीय नाही असं लिहिलं तर उत्तर साफ चुकतं. भागाकार काढून पाहा:

```
(h² sin(1/h) − 0)/h = h sin(1/h)
```

याची किंमत −|h| आणि |h| यांच्यामध्ये अडकलेली, त्यामुळे लिमिट 0. g′(0) = 0 आहे, फक्त g′ हे फलन तिथे संतत नाही. f′ ची लिमिट मिळाली नाही, तर त्यातून होय किंवा नाही यांपैकी काहीच निघत नाही, आणि भागाकार मांडण्यावाचून गत्यंतर नसतं.