गरम आसने (विद्युत मोटारीतील)

मोटारीच्या आसनात आणि स्टिअरिंगच्या आवरणाखाली तापतारा बसवून अंगाला थेट ऊब देण्याची सोय. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रॉबर्ट बॅलार्ड यांनी १९५० च्या दशकात अशा आसनाचे पेटंट मिळवले. पहिली मोटार कोणती, याबाबत मात्र एकवाक्यता नाही. कॅडिलॅकने १९६६ च्या सुमारास ही सोय जादा किमतीत देऊ केली, तर स्वीडनच्या साबने १९७१-७२ पासून चालकाच्या आसनात ती मूळ किमतीतच दिली. विक्रीचा आरंभ धरल्यास मान कॅडिलॅककडे जातो आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. सर्वसामान्य ग्राहकापर्यंत ती पोचवण्याचे श्रेय साबचे.

पेट्रोल मोटारीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता केबिनला फुकट मिळते. विद्युत मोटारीत ती बॅटरीतूनच काढावी लागते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सुमारे उणे ७ अंश सेल्सिअसला पाच मोटारींचा पल्ला हीटरविना सरासरी १२ टक्के घटला, हीटर लावल्यावर ४१ टक्के.

आसनाला साधारण ५० ते ७५ वॅट लागतात, स्टिअरिंगलाही जवळपास तेवढेच. पुढची दोन आसने व स्टिअरिंग मिळून ०.२ किलोवॅट धरू. साधा हीटर कडाक्याच्या थंडीत सलग ३ किलोवॅट घेऊ शकतो. बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचणारा उष्णता पंप असल्यास बराच कमी. मोटार एका युनिटमध्ये ६ किमी जात असेल, तर ताशी ६० किमी वेगाने तासाभरात आसने-स्टिअरिंग १.२ किमी खातात, हीटर १८ किमी. तेच ६० किमी बर्फातल्या कोंडीत ताशी २० किमीने कापले, तर तीन तास लागतात आणि हे आकडे ३.६ व ५४ किमी होतात. हा खर्च अंतराचा नसून वेळेचा आहे, हे चालकांच्या लक्षात सहसा येत नाही.

स्वयंचलित जोडणीत आसनाची पातळी हवामान-यंत्रणा ठरवते: केबिन थंड असताना जास्त, ठरवलेले तापमान जवळ आले की कमी. टेस्लासारख्या मोटारींत ही सोय आहे. पण तापमान २२ अंशांवरच ठेवले तर हीटरचे काम तेवढेच राहते आणि आसनाचा खर्च वर पडतो. बचत होते ती ते १८ वर आणल्यावर. पडद्यावरच्या वीजवापराच्या आलेखात फरक दिसतो. हीटर पूर्ण बंद करणे मात्र बरे नाही. श्वासाच्या ओलाव्याने काच आतून धुरकट होते, पायही गारठतात.

आसनावर गुडघा टेकवून मागे वळण्याने तार तुटू शकते. मग आसन मुळीच तापत नाही किंवा त्याचा एखादाच भाग तापतो. मधुमेहाने वा पक्षाघाताने संवेदना कमी झालेल्यांना नकळत भाजण्याचा धोका असतो. महाराष्ट्रात गरज उलट असते, म्हणून येथे आसनातून वारा सोडणारी सोयच अधिक परिचित आहे.