‘उत्तर चुकलंय’ वेगळं आणि ‘दोन उत्तरं येतात’ वेगळं, बोर्डाला पत्र लिहिताना तरी घोळ घालू नका

बोर्डाला पत्र पाठवायचं म्हटलं की आपल्याकडे एकच साचा चालतो, ‘प्रश्न क्रमांक अमुक चुकीचा आहे, सर्व विद्यार्थ्यांना गुण द्यावेत ही विनंती’. प्रश्न खरंच चुकला असेल तर काही म्हणणं नाही. छापताना आकडा बदलला, चारही पर्यायांत उत्तरच नाही, उत्तरसूचीत ब च्या जागी क पडलाय, तिथे पुस्तकाचं पान जोडा, सही करा, विषय संपला.

पण ज्या प्रश्नाला दोन उत्तरं येतात त्याला हाच साचा लावला की पत्र हमखास आपटतं.

आमच्या एका मॅडमचंच बघा. प्रश्न होता, ‘पीतांबर’ या शब्दाचा समास ओळखा. पर्यायांत द्विगु, कर्मधारय, बहुव्रीही, अव्ययीभाव. उत्तरसूचीत बहुव्रीही. मॅडमनी दीड पान लिहून सिद्ध केलं की पीत असे अंबर ते पीतांबर, म्हणजे कर्मधारय, सबब तुमचं उत्तर चूक. उत्तर आलं एका ओळीचं, की पीत आहे अंबर ज्याचे असा तो, विष्णू, म्हणून बहुव्रीहीच योग्य. आणि त्यात त्यांचं काय चुकलं? मॅडमनी जे बरोबर होतं त्यालाच चूक म्हटलं होतं, बोर्डाने फक्त तेवढंच खोडून काढलं, मॅडमच्या कर्मधारयाबद्दल बोलायची गरजच पडली नाही.

खरी मेख इथेच आहे. उत्तरसूची चुकलीय म्हणताना समोरच्याचं उत्तर पाडावं लागतं. दोन उत्तरं येतात म्हणताना मात्र समोरच्याचं आधी मान्य करावं लागतं, मग आपलंही तेवढंच पक्कं आहे हे दाखवायचं, आणि प्रश्नात या दोघांपैकी एक निवडायला काहीच आधार नाही हेही दाखवायचं. तिसरी गोष्ट लोक नेहमी विसरतात, आणि पत्र टिकतं ते तिच्यावरच.

दुसरं म्हणजे, विग्रह करता येतो एवढ्यावर भागत नाही. लंबोदरचा विग्रह ‘लंब असे उदर’ कुणीही करून दाखवेल, पण ‘कालपासून लंबोदर दुखतंय’ असं मराठीत कोण म्हणतं? तिथे बहुव्रीहीच, पत्र लिहूच नका. पीतांबरचं तसं नाही, दोन्ही अर्थ भाषेत जिवंत आहेत. ‘सुंदर ते ध्यान’ मध्ये ‘कासे पीतांबर’ आहे ते नेसायचं वस्त्र, कर्मधारय. गणपतीच्या आरतीत ‘लंबोदर पीतांबर’ म्हणतो तेव्हा तो नेसणारा देव, बहुव्रीही. पुरावा म्हणून या दोन ओळी जोडल्या असत्या तर दीड पानाची गरजच नव्हती (आणि गाइडची झेरॉक्स जोडणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार, गाइड हा पुरावा नसतो).

पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत दोन वाक्यं आहेत, हाही पीतांबरसारखा मामला नाही. 2024 च्या नीटमध्ये फिजिक्सच्या एका प्रश्नाला जुन्या एनसीईआरटीमुळे दोन पर्यायांना मार्क दिले गेले, सुप्रीम कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं, त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि निकाल पुन्हा लावावा लागला. जुन्या पुस्तकात छापलं होतं म्हणून विषयात दुसरं उत्तर तयार होत नाही.

आता मागणी. ‘सर्वांना गुण द्या’ हे मला अजिबात पटत नाही. द्विगु लिहिणाऱ्यालाही मार्क का? त्याचं तर दोन्हीकडून चुकलंय. मागायचं ते फक्त दोन्ही उत्तरं ग्राह्य धरण्याबद्दल, आणि निर्णय मागायचा, दया नाही. मी मॅडमना दुसरं पत्र असं लिहून दिलं:

‘उत्तरसूचीतील बहुव्रीही हे उत्तर बरोबर आहे, त्यास आक्षेप नाही. मात्र वस्त्र या रूढ अर्थाने कर्मधारय हेही उत्तर बरोबर ठरते. दोन्ही अर्थांची उदाहरणे सोबत जोडली आहेत. प्रश्नात वाक्य दिलेले नसल्याने कोणता अर्थ घ्यावा हे विद्यार्थ्याला कळण्यास मार्ग नाही. तरी दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत किंवा एकच ग्राह्य असल्यास ते कोणत्या नियमाने, याचा निर्णय कळवावा.’

‘नम्र विनंती’ मी काढली होती, मॅडमनी परत घातली. असो. पण हे पत्र अंतरिम उत्तरसूचीवर आक्षेप घ्यायची मुदत असते तेव्हाच पोचलं पाहिजे, आणि एका पत्रात एकच प्रश्न, नाहीतर सात प्रश्नांच्या यादीत तुमचा पीतांबर कुणाला दिसणारसुद्धा नाही.