टीबीच्या औषधांमुळे पायांची आग आणि मुंग्या

टीबीची गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी दोन्ही तळपायांची आग व्हायला लागते, मुंग्या येतात, चप्पल घातली आहे की नाही हे कळेनासं होतं, आणि रात्री पांघरुणाचा स्पर्शही नको वाटतो. औषधामुळे हातापायांच्या नसांना झालेली ही इजा आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली माणसं याला ‘पाय पेटलेत’, ‘पायात मुंग्या लागल्यात’ किंवा नुसतं ‘पाय बधिर’ म्हणतात. साध्या टीबीच्या उपचारात याचं मुख्य कारण एकच गोळी असते, आयसोनियाझिड, आणि ती इजा टाळणारी गोळीही एकच, बी-सिक्स म्हणजे पायरिडॉक्सिन. इतकी छोटी आणि स्वस्त गोष्ट असूनही ती निसटते कशी, तेच खरं बघण्यासारखं आहे.

आधी नस का बिघडते ते. आयसोनियाझिड 1952 पासून वापरात आहे, टीबीचे जंतू मारण्यात ते फार जोरकस, पण शरीरातल्या बी-सिक्सशी त्याचं सख्य नाही. ते बी-सिक्सच्या कामाच्या रूपाला चिकटतं आणि दोघं मिळून लघवीतून बाहेर जातात, शिवाय शरीर नवीन बी-सिक्स कामाला लावतं ती पायरीही ते अडवतं. 1954 साली अमेरिकेत बील आणि व्हिल्टर या डॉक्टरांनी दाखवून दिलं की आयसोनियाझिड घेणाऱ्यांच्या लघवीतून बी-सिक्स जास्त जातं, आणि बी-सिक्स सोबत दिलं तर हा त्रास टळतो. नसांना स्वतःची डागडुजी करायला बी-सिक्स लागतं, ते कमी पडलं की सगळ्यात लांबची नस आधी कुरकुर करते, आणि सगळ्यात लांबची नस कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाते. म्हणून सुरुवात बोटांच्या टोकाला आणि तळपायाला होते, मग मोज्यासारखी वर चढते, हात बहुतेक वेळा नंतर.

सगळ्यांनाच होत नाही. आजच्या डोसला, म्हणजे किलोमागे साधारण 5 मिलिग्रॅमला, नीट खाणाऱ्या माणसाला हे क्वचितच होतं, डोस वाढला की प्रमाण भराभर वाढतं. आणि माणसागणिक फरकही असतो. आयसोनियाझिड लिव्हरमध्ये निकामी होतं, कुणाचं लिव्हर ते काम पटपट करतं तर कुणाचं हळू, आणि आपल्याकडे हळू करणारी माणसं निम्म्याच्या आसपास आहेत. त्यांच्या अंगात तोच डोस जास्त वेळ राहतो. त्यावर शुगर, रोजची दारू, एचआयव्ही, किडनीचा आजार, म्हातारपण, गरोदरपण, अंगावर दूध पाजणं किंवा नुसती उपासमार यातलं काही असलं की धोका वाढतो. टीबी झालेल्याचं वजन बहुतेक वेळा घटलेलंच असतं, त्यामुळे ‘उपासमार’ हा शब्द इथे फार जणांना लागू पडतो.

आता एक केस धरून बघू. केस समजण्यासाठी मांडलेली आहे, पण यातली एकेक गोष्ट या भागात नेहमी दिसते. निपाणीजवळच्या खेड्यातली बिड्या वळणारी बाई, वय 52, वजन 42 किलो, सहा वर्षांपासून शुगरला मेटफॉर्मिन चालू, दुपारी मशेरी. थुंकीत टीबी निघाला, सरकारी दवाखान्यातून रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. 35 ते 49 किलोच्या गटात चार औषधं एकत्र असलेल्या 3 गोळ्या रोज, एका गोळीत आयसोनियाझिड 75 मिलिग्रॅम, म्हणजे तिला रोज 225 मिलिग्रॅम जातं. 42 किलोला भागलं तर किलोमागे 5 च्या वर जरासं, म्हणजे डोस बरोबर आहे, चूक डोसात नाही. चूक वेगळीकडे आहे. बी-सिक्स त्या एकत्र गोळीत नसतं, त्याची स्ट्रिप वेगळी असते. पहिल्या वेळेस ती मिळाली, संपली, पुढच्या वेळी गोळ्या न्यायला मुलगा गेला, त्याला माहीतच नव्हतं की दोन प्रकारच्या गोळ्या मागायच्या आहेत, आणि ‘ती काय नुसती ताकदीची गोळी, नाही घेतली तरी चालतंय’ असं घरात ठरलंच होतं.

सहाव्या आठवड्यात रात्री पाय पेटायला लागले. तिने ओल्या फरशीवर पाय टेकून झोपून बघितलं, मग शेजारणीने सांगितलं म्हणून गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवले. हा सल्ला सगळ्यात धोक्याचा, कारण बधिर पायाला पाणी किती गरम आहे हेच कळत नाही आणि शुगरच्या माणसाला एक फोड सहा महिने पुरतो. पाणी वापरायचंच तर आधी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने तपासायचं, आणि कोमटच ठेवायचं.

दवाखान्यात तिने ‘पाय दुखायलेत’ असं सांगितलं, कन्नड बोलणाऱ्या सिस्टरने ‘काल नोवु’ असं लिहून घेतलं आणि दुखण्याची गोळी दिली. हा नुसता भाषेचा गैरसमज नाही, यामागे औषधशास्त्रही आहे. टीबीच्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत पायराझिनामाइड असतं, त्याने युरिक अॅसिड वाढून सांधे खरोखर दुखतात, तेव्हा घोटा, गुडघा, अंगठ्याचा सांधा धरतो आणि त्याला दुखण्याच्या गोळीने आराम पडतो. आग मात्र सांध्यात नसते, चामडीत असते, दोन्ही पायांत सारखी असते आणि रात्री जास्त. सीमाभागात दोन शब्द जवळ ठेवलेले बरे: आगीला ‘उरी’, बधिरपणाला ‘जोमु’. ‘नोवु’ म्हटलं की समोरचा दुखणंच ऐकणार.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरने पाय उघडून बघितले. डोळे मिटायला लावून नायलॉनच्या धाग्याने तळपायाला टोचलं, ट्युनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून ‘थरथर कळते का’ विचारलं, घोट्याच्या मागे हातोडी मारली. धागा बोटांना लागत नव्हता, थरथर लवकर थांबत होती, घोट्याची उसळी येत नव्हती, दोन्ही बाजूंना सारखं. मग प्रश्न असा की हे आयसोनियाझिडचं, की शुगरचं, की मेटफॉर्मिनने बी-ट्वेल्व कमी झाल्याचं? खरं सांगायचं तर तपासणीच्या टेबलावर हे तिन्ही सारखेच दिसतात. काळ मदत करतो: सहा वर्षं शुगर आहे पण आग टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात आलेली, तीही बी-सिक्सची स्ट्रिप संपल्यानंतरची. म्हणून आधी आयसोनियाझिडवर बोट, पण शुगर आणि बी-ट्वेल्व दोन्ही तपासायचे, एकाला धरलं म्हणून दुसऱ्याला सोडायचं नाही.

एका पायालाच आग असेल, अंगावर न कळणारा फिकट डाग असेल तर कुष्ठरोग बघावा लागतो, तो या पट्ट्यातून गेलेला नाही. आणि पाठ दुखून दोन्ही पाय लुळे पडत असतील किंवा लघवी अडत असेल तर तो मणक्याचा टीबी असू शकतो, तिथे बी-सिक्स घेऊन वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

तर बाईला काय दिलं. टीबीची गोळी बंद केली नाही, हे पहिलं. लोक इथेच चुकतात, पाय पेटले की सगळंच सोडतात, आणि अर्धवट सोडलेला टीबी औषधाला दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो. बंद पडलेलं बी-सिक्स मात्र परत सुरू केलं, तेही रोज 100 मिलिग्रॅम, रात्रीच्या आगीसाठी झोपताना अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी दिली, शुगरची गोळी तपासून नीट बसवली. त्रास वाढत राहिला असता तर आयसोनियाझिड कमी करायचं की थांबवायचं, हे टीबीच्या डॉक्टरने ठरवायचं असतं, घरात नाही. साधारण तीन आठवड्यांत रात्रीची आग कमी झाली. बधिरपणा मात्र हळू उतरतो, महिने लागतात, आणि उशीर झालेला असला तर थोडा कायमचा राहतो.

इथे उलट बाजूचाही धोका सांगायला हवा. आग थांबत नाही म्हणून मेडिकलमधून ‘नसांची गोळी’ आणून दोन-तीन प्रकार एकदम घेतले जातात. पायरिडॉक्सिन स्वतःच जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतलं तर नस बिघडवतं आणि आग-मुंग्या तशाच दिसतात, मग माणूस आणखी गोळी वाढवतो. म्हणून स्ट्रिपच्या मागे ‘पायरिडॉक्सिन’ शोधायचं, पुढचा मिलिग्रॅमचा आकडा बघायचा, आणि सगळ्या गोळ्यांतला मिळून आकडा किती होतो ते डॉक्टरला दाखवायचं. बचावासाठी रोज 10 मिलिग्रॅम पुरतं, त्रास झाल्यावरचे 100 मिलिग्रॅम हे उपचाराचे असतात, आराम पडला की परत 10 वर यायचं.

बी-सिक्स फक्त पेशंटलाच असतं असंही नाही. घरात टीबी निघाला की बाकीच्यांना प्रतिबंधक गोळ्या देतात, रोजच्या आयसोनियाझिडचा सहा महिन्यांचा कोर्स किंवा रिफापेंटिनसोबत आठवड्यातून एकदाचा. त्यांना टीबी नसतो, म्हणून पाय पेटले तरी ‘गोळीमुळे’ असं त्यांच्या मनातही येत नाही, आणि खास करून दारू पिणाऱ्या किंवा शुगरच्या माणसाला तर सोबत बी-सिक्स हवंच. दूध पाजणारी आई आयसोनियाझिडवर असेल तर बाळालाही बी-सिक्स द्यावं लागतं.

औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची गोष्ट वेगळी. तिथे लिनेझोलिड असतं, ते नसेच्या पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यालाच धक्का देतं, बी-सिक्सचा तिथे भरवसा धरता येत नाही. काही महिन्यांनी आग सुरू होते आणि कधी कधी नजरही अंधुक होते, म्हणून तिथे लगेच केंद्रात सांगायचं, डोस कमी होतो किंवा थांबतो, स्वतः कमी करायचा नाही.

चंदगडहून बेळगावला किंवा निपाणीहून कोल्हापूरला गोळ्या घ्यायला जाणाऱ्यांना एक गोष्ट जड जाते: मध्येच गाव बदललं तर टीबीचं कार्ड आणि निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदीचा नंबर, पुढच्या केंद्रात चालतो, पण बी-सिक्सची स्ट्रिप मात्र बदलताना राहून जाते, तेव्हा नव्या जागी पहिल्या दिवशी दोन्ही नावं सांगून घ्यायची. त्या बाईच्या बाबतीत गोळ्या सहा महिन्यांत पूर्ण झाल्या, थुंकी स्वच्छ आली, वजन 46 झालं. उजव्या पायाची करंगळी अजून तिला लागत नाही, म्हणून ती आता अनवाणी चुलीजवळ जात नाही, आणि झोपताना मुलाच्या मोबाईलच्या उजेडात तळपाय बघून घेते.